एकच न्यायाधीश, तीन निकाल: परीक्षेत नियम निवडायचा कसा?

इंग्लंडमध्ये १९६० ते १९६४ या काळात लॉर्ड पार्कर या मुख्य न्यायाधीशांसमोर तीन छोटे खटले आले. तिन्ही कायद्यांचे शब्द साधे होते. तरी एका खटल्यात त्यांनी कायद्याच्या शब्दापलीकडे जायला साफ नकार दिला, दुसऱ्यात कायद्याचा हेतू पाहिला आणि तिसऱ्यात वाक्यात न लिहिलेला शब्द वाचला. आज कायद्याचा विद्यार्थी हे खटले अनुक्रमे लिटरल, मिस्चिफ आणि गोल्डन रूल या कायद्याचा अर्थ लावण्याच्या तीन नियमांची उदाहरणं म्हणून पाठ करतो. पण परीक्षेत गुण मिळतात ते वेगळ्याच प्रश्नाच्या उत्तराला: त्याच न्यायाधीशाने प्रत्येक वेळी वेगळी वाट का धरली?

पहिला खटला फिशर विरुद्ध बेल. ब्रिस्टलच्या एका दुकानाच्या काचेमागे खटक्याने उघडणारा चाकू मांडला होता आणि शेजारी चार शिलिंगची पाटी होती. १९५९च्या कायद्याने असा चाकू विकणं किंवा विक्रीचा ‘प्रस्ताव देणं’ गुन्हा ठरवलं होतं. सामान्य माणूस म्हणेल, हा प्रस्तावच झाला. पहिल्या वाचनात आपल्यालाही तसंच वाटलं होतं, असं पार्कर यांनी निकालात मोकळेपणाने लिहिलं. तरीही दुकानदार सुटला. करार कायद्यात ‘प्रस्ताव’ या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. मांडून ठेवलेली वस्तू म्हणजे प्रस्ताव नव्हे, ते ग्राहकाने प्रस्ताव द्यावा यासाठीचं आमंत्रण. शिवाय इतर कायद्यांत संसदेने ‘विक्रीसाठी मांडणं’ हे शब्द वेगळे घातलेले होते. इथे ते नव्हते, आणि राहून गेलेला शब्द भरून काढणं न्यायालयाचं काम नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९६१मध्ये संसदेनेच कायदा दुरुस्त केला.

आता स्मिथ विरुद्ध ह्यूज, १९६०. या खटल्यातल्या कायद्याप्रमाणे वेश्येने ‘रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी’ गिऱ्हाईक पटवणं गुन्हा होता. आरोपी स्त्रिया घरात होत्या. कोणी बाल्कनीतून, कोणी खिडकीची काच वाजवून रस्त्यावरच्या पुरुषांचं लक्ष वेधत होत्या. शब्दावर अडून बसलो तर त्या रस्त्यावर नव्हत्या. पण पार्कर यांनी कलम पुन्हा वाचलं आणि एक बारीक गोष्ट टिपली: पटवणारी व्यक्ती रस्त्यावर असली पाहिजे, असं कलमात कुठेच म्हटलेलं नाही. ज्याला हाक जाते तो रस्त्यावर असला की पुरे, असंही म्हटलेलं नाही. म्हणजे वाक्याचे दोन अर्थ निघत होते. तेव्हा त्यांनी विचारलं, हा कायदा कोणत्या त्रासासाठी आला? लोकांना रस्त्याने निर्धास्त चालता यावं म्हणून. हाक खिडकीतून आली तरी त्रास तोच, म्हणून दोष सिद्ध.

हा शोध घ्यायची पद्धत १५८४च्या हेडन खटल्यापासून चालत आली आहे. आधी कायदा काय होता, त्यात उणीव कोणती होती, संसदेने उपाय कोणता केला आणि त्या उपायामागचं खरं कारण काय, हे चार प्रश्न विचारायचे. परीक्षेत हे चारही लिहून दाखवणाऱ्या कितीतरी उत्तरपत्रिकांत ते दिलेल्या कलमाला लावलेलेच नसतात. माझ्या मते मिस्चिफ रूलवरच्या उत्तरातला सर्वांत मोठा दोष हाच आहे.

तिसरा, १९६४चा ॲडलर विरुद्ध जॉर्ज. प्रतिबंधित जागेच्या ‘परिसरात’, म्हणजे तिच्या आसपास, सैनिकाला अडवणं गुन्हा होता. आरोपीने अडवलं ते नॉरफोकमधल्या हवाई दलाच्या तळाच्या आतच. त्याचं म्हणणं, आत असणं म्हणजे परिसरात असणं नव्हे. पार्कर म्हणाले, बाहेर अडवलं तर गुन्हा आणि ऐन तळावर अडवलं तर काहीच नाही, हा निष्कर्ष विपरीत ठरेल. म्हणून ‘परिसरात’ हे ‘जागेत किंवा परिसरात’ असं वाचायचं.

या तिन्हींतून निवडीचं सूत्र दिसतं. ‘मला कोणता निकाल हवा’ याने नियम ठरत नाही. शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ असेल तर शब्द धरायचा. वाक्याची रचनाच मोकळी जागा ठेवत असेल तर हेतूकडे जायचं. शब्द स्पष्ट आहे पण निष्कर्ष विपरीत येतो, तिथे गोल्डन रूल. कोणता नियम कधी वापरायचा हे बंधनकारकपणे सांगणारं काही नाही, आणि आजची न्यायालयं हेतूकडे अधिक झुकतात. म्हणून उत्तरात निवडीचं कारण लिहावंच लागतं.

हे एका काल्पनिक प्रश्नावर करून पाहू. कलम असं: ‘जी व्यक्ती ग्रंथालयाच्या वाचनकक्षात टेलिफोनवर बोलेल ती दंडास पात्र होईल.’ प्रस्तावनेत लिहिलंय, वाचकांना शांतता मिळावी. ‘क’ बाहेरच्या व्हरांड्यात, उघड्या खिडकीजवळ उभा राहून फोनवर मोठ्याने बोलतो. ‘ख’ कक्षातच बसली आहे. शेजारचा वाचक कोसळतो आणि ती हळू आवाजात रुग्णवाहिकेला फोन करते.

‘क’ दिसताच विद्यार्थी स्मिथ विरुद्ध ह्यूज लिहून त्याला दोषी ठरवून टाकतात. इथे थांबायला हवं. गिऱ्हाईक पटवायला समोर दुसरा माणूस लागतो, म्हणून ते कृत्य जिथे हाक पोचते तिथे घडलं असं म्हणता येतं. फोनवरचं बोलणं पलीकडच्या माणसाशी असतं. वाचकांना ऐकू येतं तो त्याचा परिणाम झाला, बोलणं तर व्हरांड्यातच झालं. आवाजाचा त्रास तोच आहे, म्हणून हेतूचा युक्तिवाद जरूर मांडावा. पण कलमातली फट स्मिथइतकी मोकळी नाही, आणि दंड करणाऱ्या कायद्यातली शंका आरोपीच्या बाजूने सोडवली जाते. मी ‘क’ला सोडेन. उलट निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात. फक्त फिशर विरुद्ध बेल का लागू नाही, हे त्याने सांगितलेलं असलं पाहिजे. तिथे शब्दाला करार कायद्यातला ठरलेला अर्थ होता, ‘वाचनकक्षात’ला तसा कोणताही नाही.

‘ख’च्या बाबतीत शब्दांत शंकाच नाही, ती कक्षात टेलिफोनवर बोलली. म्हणून गोल्डन रूलकडे जावं लागतं, आणि इथे बहुतेक उत्तरं ‘हे विपरीत होईल, म्हणून ती निर्दोष’ एवढ्यावर संपतात. मग परीक्षकाला कळतच नाही की कोणता शब्द कसा वाचला. पार्कर यांनी ‘परिसरात’च्या आधी नेमके कोणते शब्द वाचायचे ते सांगितलं होतं. तसंच इथेही वाक्य लिहून दाखवावं: ‘जी व्यक्ती वाचनकक्षात, जीव वाचवण्याचं तातडीचं कारण नसताना, टेलिफोनवर बोलेल...’ मग आक्षेप आपणच घ्यावा. ॲडलरमध्ये दोनच शब्द वाढले आणि ते संसदेने लिहिलेल्या शब्दाला अगदी लागून होते. इथे आपण अख्खा अपवाद निर्माण करतोय. निष्कर्ष विपरीत आहे की नुसता कठोर, हेही विचारावं, कारण कठोर कायदा सौम्य करायला गोल्डन रूल वापरता येत नाही. माझं उत्तर असं: जीव वाचवणाऱ्या बाईला दंड करून वाचकांच्या शांततेत काडीचीही भर पडत नाही, म्हणून निष्कर्ष कठोर नव्हे, विपरीतच आहे. पण हा अपवाद जिवाच्या धोक्यापुरता ठेवावा. घरच्या महत्त्वाच्या कामासाठी फोन घेणाऱ्याला तो मिळू नये.