एचडीएमआय केबलची ४के, १२० हर्ट्झ, एचडीआर चाचणी

एचडीएमआय केबल ४के आकाराचं, एचडीआर रंगांचं आणि सेकंदाला १२० फ्रेमचं चित्र न अडखळता वाहून नेते का, हे तपासण्याची पद्धत. या चाचणीची गरज पडते कारण साध्या तांब्याच्या केबलमध्ये स्वतःची क्षमता सांगणारी चिप नसते. टीव्ही आपली माहिती संगणकाला किंवा गेम कन्सोलला याच केबलमधून कळवतो, पण मधली केबल कोणत्या दर्जाची आहे हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही. ते फक्त सिग्नल पाठवून बघतात. म्हणून केबल तपासायची तर तिच्यावर खरा भार टाकावा लागतो.

हा भार किती ते आधी पाहू. ४के चित्र ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचं असतं, पण तारेवर रिकाम्या कडा धरून ४४०० गुणिले २२५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला ९९ लाख ठिपके जातात. १२० फ्रेमचे झाले सेकंदाला ११८ कोटी ८० लाख. एचडीआरसाठी लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला १० बिट, म्हणजे एका ठिपक्याला ३० बिट. गुणाकार येतो ३५.६४ गिगाबिट. शिवाय दर १६ बिट तारेवर १८ बिटांच्या रूपात जातात, त्यामुळे आकडा ४० गिगाबिटांच्या आसपास पोचतो. कडांचा रिकामा भाग आवळून पाठवता येत असल्याने ४० गिगाबिटांची जोडणी या कामाला पुरते.

२०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.० ची कमाल मर्यादा १८ गिगाबिट होती. २०१७ साली जाहीर झालेल्या २.१ मध्ये ती ४८ झाली. त्यासाठी केबलमधल्या जोड्यांचं काम बदललं. पूर्वी तीन जोड्या चित्र नेत आणि चौथी घड्याळाचा ठेका देई. नव्या पद्धतीत चारही जोड्या माहिती नेतात, प्रत्येकी १२ गिगाबिटांपर्यंत. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात आणि एकाच खोबणीत बसतात.

दुकानात ‘२.१ ची केबल द्या’ असं म्हणायची पद्धत पडली आहे, पण आवृत्ती उपकरणांच्या जोडणीची असते, केबलची नसते. केबलीचे दर्जे नावाने ओळखले जातात. १८ गिगाबिटांसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. दुसऱ्या प्रकारच्या खोक्यावर प्रमाणपत्राचं लेबल असतं. त्यावरचा क्यूआर कोड एचडीएमआयच्या अधिकृत मोबाइल अ‍ॅपमधून स्कॅन केला की ते लेबल खरं आहे की नाही ते कळतं. खोक्यावर नुसतं ‘८के’ किंवा ‘४८ जीबीपीएस’ छापलेलं असणं हे प्रमाणपत्र नव्हे. सोनेरी मुलामा, कापडी वेष्टण आणि जाड तार यांवरूनही काही ठरत नाही.

लेबल खरं निघालं तरी त्या नमुन्याची केबल एकदा प्रयोगशाळेत उतरली एवढंच सिद्ध होतं. आपल्या हातातली केबल, आपल्या भिंतीतल्या वळणांसह, चालते का हे घरीच पाहावं लागतं. आणि इथे बहुतेक जण चुकीची चाचणी करतात. सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे टीव्हीच्याच अ‍ॅपमध्ये एखादा झगमगीत ४के एचडीआर व्हिडिओ लावून केबल उत्तम असल्याचं ठरवणं. तो व्हिडिओ वाय-फायवरून थेट टीव्हीत येतो. एचडीएमआय केबलमधून तो जातच नाही. दुसरी चूक म्हणजे डिस्क प्लेअरवर चित्रपट लावणं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, त्यामुळे एचडीआरसह त्याचा भार ११ गिगाबिटांच्या आसपासच राहतो. दहा वर्षांपूर्वीची चांगली केबलसुद्धा तो सहज पेलते.

उलट, योग्य सेटिंग असलं तर पडद्यावर काय दिसतं आहे याला फारसा अर्थ उरत नाही. एचडीएमआयवरून चित्र सहसा न आवळता जातं, त्यामुळे ४के १२० वर स्थिर डेस्कटॉपचा भार आणि धावत्या गेमचा भार तारेच्या दृष्टीने सारखाच असतो. म्हणूनच चाचणीसाठी कन्सोलपेक्षा संगणक सोयीचा. काही कन्सोल १२० चालवणारा गेम सुरू झाल्यावरच त्या गतीवर जातात, तर संगणकाचा डेस्कटॉप सतत १२० वर ठेवता येतो. शिवाय प्लेस्टेशन ५ कमाल ३२ गिगाबिटच पाठवतो आणि ४के १२० एचडीआरसाठी रंगांची माहिती कमी करतो. त्यावर उत्तीर्ण झालेली केबल ४० वरही उतरेल असं धरून चालता येत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण पाहू. हॉलमध्ये टीव्ही भिंतीवर आहे, संगणक बाजूच्या टेबलावर, आणि इंटिरिअरचं काम चालू असताना कन्सील्ड पाइपातून ओढलेली ५ मीटरची केबल मध्ये आहे. जुन्या टीव्हीवर ४के ६० अनेक वर्षं बिनतक्रार चाललं. आता १२० हर्ट्झचा टीव्ही आणि एचडीएमआय २.१ चं ग्राफिक्स कार्ड आलं. विंडोजमध्ये १२० निवडलं, एचडीआर चालू केलं, चित्र आलं. काम झालं असं वाटतं. पण `Settings > System > Display > Advanced display` उघडल्यावर `120 Hz` च्या खाली `Bit depth` समोर `8-bit with dithering` आणि `Color format` समोर `YCbCr420` असं दिसू शकतं.

या दोन ओळी इथे सगळं सांगतात. `YCbCr420` मध्ये प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा वेगळा जातो, पण रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच. अशा रीतीने एका ठिपक्याला सरासरी १२ बिट पुरतात. ८ बिटांवर, १२० फ्रेमना, जुन्या पद्धतीच्या कोडिंगसह हा भार भरतो १७.८२ गिगाबिट. ४के ६० चं पूर्ण रंगांचं ८ बिट चित्र घेतलं तर तेही नेमकं १७.८२ गिगाबिट. म्हणजे १२० हर्ट्झ दिसत असले तरी जोडणी अजून १८ गिगाबिटांच्या जुन्या मर्यादेतच चालू आहे. डोळ्यांना हे पकडायचं असेल तर निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहून पाहावीत. पूर्ण रंगात ती धारदार दिसतात. `YCbCr420` मध्ये त्यांच्या कडा फुटतात आणि रंग बाजूला ओघळल्यासारखा दिसतो.

म्हणून माझ्या मते चाचणीचा निकाल एका आकड्यावर नव्हे, तर `120 Hz`, `10-bit` आणि पूर्ण रंग सांगणारं `RGB` या तिन्ही ओळी एकाच वेळी दिसण्यावर ठरवावा, आणि त्यांच्याबरोबर `Color space` समोर एचडीआर दिसायला हवं. यातलं एक जरी घसरलं असेल तर केबलवर पूर्ण भार आलेलाच नाही. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधून १० बिट आणि आरजीबी हाताने निवडून मग पुन्हा पाहावं.

अर्थात वरच्या उदाहरणात दोष केबलचाच आहे असं लगेच म्हणता येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टसाठी पूर्ण क्षमता वेगळी चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये तिचं नाव `Input Signal Plus`, एलजीमध्ये `HDMI Deep Colour`, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. ती बंद असेल तर टीव्ही आपली मोठी क्षमता कळवतच नाही. शिवाय अनेक टीव्हींच्या चार पोर्टांपैकी दोनच १२० चालवतात. आवाजासाठी संगणक आणि टीव्ही यांच्या मध्ये एव्ही रिसीव्हर लावला असेल तर तोही तपासावा: २०२० साली बाजारात आलेल्या काही रिसीव्हरांच्या चिपमध्येच दोष होता आणि ठरावीक कन्सोल वा कार्डाकडून ४के १२० एचडीआर आलं की पडदा काळा पडे. तेव्हा अनेकांनी केबली बदलून पाहिल्या असतील, पण केबल बदलून तो दोष जाणारच नव्हता.

हे सगळं जागेवर असेल तर संगणक उचलून टीव्हीखाली न्यावा आणि प्रमाणित १ किंवा २ मीटरच्या केबलने थेट जोडावा. त्याच पोर्टवर, त्याच सेटिंगवर `10-bit` आणि `RGB` आलं तर टीव्ही आणि कार्ड दोन्ही निर्दोष आहेत आणि भिंतीतली ५ मीटरची केबल कमी पडते. छोट्या केबलनेही आलं नाही तर भिंत फोडायची गरज नाही.

दोष कसा दिसतो हे जोडणीच्या पद्धतीवर अवलंबून असतं. जुन्या १८ गिगाबिटांच्या पद्धतीत चित्रातली चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती, त्यामुळे कमकुवत केबल पडद्यावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकवू लागे. विशेषतः काळ्या भागात ते उठून दिसत. नव्या पद्धतीत दोन गोष्टी बदलल्या. सुरुवातीला दोन्ही बाजू ठरलेले नमुने पाठवून प्रत्येक जोडी तपासतात आणि जमलं नाही तर गती एक पायरी खाली आणतात. मग चालू जोडणीत किरकोळ चुका आपोआप दुरुस्त होतात. त्यामुळे ठिपक्यांची पूर्वसूचना बहुधा मिळतच नाही. केबल जेमतेम पुरत असली तरी चित्र निर्दोष दिसतं आणि चुका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या की पडदा एक-दोन सेकंद काळा होऊन परत येतो. दिवसातून दोनदा असा काळोख होत असेल तर ती केबल नापास समजावी, उरलेला वेळ चित्र कितीही सुंदर असलं तरी.

याच कारणाने दोन मिनिटांची चाचणी पुरत नाही. तिन्ही ओळी जुळल्यावर तासभर तसंच चालू ठेवावं. दरम्यान टीव्ही बंद करून चालू करावा, ६० वर जाऊन पुन्हा १२० वर यावं, कारण प्रत्येक वेळी जोडणीची तपासणी नव्याने होते. कनेक्टर हलक्या हाताने वरखाली करून पाहावा. भिंतीजवळच्या टीव्हीत केबलचं डोकं अनेकदा वाकून बसलेलं असतं आणि तिथेच सिग्नल बिघडतो. शेवटी पुन्हा `Advanced display` उघडून तिन्ही ओळी तशाच आहेत ना ते बघावं, कारण गती मुकाट्याने खाली आलेली असू शकते.

लांबी वाढली की तांब्यात सिग्नल झिजतो. ४८ गिगाबिटांसाठी साधी तांब्याची केबल ३ मीटरपर्यंत सहज मिळते, त्यापुढे निवड झपाट्याने कमी होते. १० मीटरला ऑप्टिकल केबलच घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांत चिप असतात आणि ती एकाच दिशेने चालते: `Source` लिहिलेलं टोक संगणकाकडे, `Display` लिहिलेलं टीव्हीकडे. उलटी लावली तर चित्रच येत नाही, आणि पाइपातून ओढल्यावर हे कळलं तर ती पूर्ण काढून पुन्हा ओढावी लागते. म्हणून नवी केबल आधी जमिनीवर सुटी ठेवून तासभर चालवावी, मग पाइपात घालावी आणि प्लास्टर व पॅनेल बंद होण्याआधी पुन्हा तपासावी. पाइपात रिकामी दोरीही सोडून ठेवावी, म्हणजे पुढे केबल बदलताना तिलाच बांधून नवी ओढता येते.