बांधकामापूर्वी माती परीक्षण का आणि कसे : कसबा बावड्यातील घरमालकास पत्र

कोल्हापूर

श्री. पाटील यांस,
सप्रेम नमस्कार.

‘गवंडी पाच फूट पाया पुरेल म्हणतात, मग माती परीक्षणाचा खर्च कशासाठी?’ असे आपण फोनवर विचारले होते. पाच फूट हा आकडा चुकीचाच असेल असे मी म्हणत नाही. परंतु पाच फुटांवर आपल्या प्लॉटमध्ये काय आहे, हे खड्डा घेतल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

आपला अडीच गुंठ्यांचा प्लॉट पूर्वी उसाचे रान होता. अशा काळ्या मातीला वर्षभर पाणी मिळत असते, त्यामुळे ती फुगलेल्या स्थितीतच राहते. प्लॉट पाडल्यावर पाणी बंद होते आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात. त्यावर घर उभे राहिले की मधल्या भागातली ओल टिकून राहते, मात्र बाहेरच्या भिंतींखालची माती दर उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात पुन्हा फुगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, वैशाखात रुंदावणारी आणि श्रावणात मिटत येणारी भेग दिसली, तर दोष बहुधा गिलाव्याचा नसून पायाखालच्या मातीचा असतो.

गेल्या वर्षी आपल्याच बाजूच्या एका प्लॉटवर आम्ही दोन चाचणी खड्डे घेतले. भारतीय मानक आय. एस. 1892 प्रमाणे लहान घरासाठी मध्यभागी एक खड्डाही चालतो, पण जमिनीला उतार असल्यामुळे मी दोनांचा आग्रह धरला. रस्त्याकडच्या खड्ड्यात साडेचार फुटांवर घट्ट पिवळा मुरूम लागला. मागच्या बाजूला आठ फुटांपर्यंत काळी मातीच होती. सगळीकडे पाच फूट खोदले असते, तर पुढचे कॉलम मुरमावर आणि मागचे काळ्या मातीवर बसले असते, आणि सर्वांत वाईट स्थिती हीच, कारण तेव्हा घराचा एक भाग स्थिर राहतो आणि दुसरा हलतो.

त्या काळ्या मातीची फुगवण्याची चाचणी मालकांनी स्वतः पाहिली. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या नळ्यांत घातली, एकीत रॉकेल आणि दुसरीत पाणी भरले. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती 12 मिलिलिटरवर, तर पाण्यातली 21 वर होती, म्हणजे फुगवटा 75 टक्के. हा आकडा 50 च्या वर गेला की घराचा पाया त्या थरावर ठेवावा, असे मी सुचवत नाही.

भार पेलण्याची क्षमताही तपासली. तेथे मुरमासाठी दर चौरस मीटरला 20 टन आणि काळ्या मातीसाठी 8 टन धरता आले. चाळीस टनांच्या कॉलमला मुरमावर दोन चौरस मीटरचे फूटिंग पुरते, काळ्या मातीवर पाच लागते, आणि एवढे मोठे करूनही फुगणे-आकसणे थांबत नाही ते नाहीच. म्हणून मागचे कॉलम मुरमापर्यंत खाली नेले आणि खड्डे भरताना निघालेली काळी माती न वापरता मुरूम वापरला. हे शेवटचे आपणही विसरू नये. माती आयती पडलेली असते म्हणून पुष्कळ जण तीच परत लोटतात.

आता प्रक्रियेविषयी. परीक्षणासाठी अर्ज प्लॉटच्या मालकाने करावा. उताऱ्यावर एकापेक्षा अधिक नावे असतील तर इतरांची लेखी संमती घ्यावी. अर्जासोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा आणि आर्किटेक्टचा आराखडा द्यावा. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कॉलमचे अंदाजे भार आणले तर फारच बरे, कारण त्यांच्याशिवाय अहवाल मोघम राहतो. जुनी विहीर किंवा खाण बुजवलेली असल्यास ती नकाशावर आवर्जून दाखवावी. आमचे खड्डे तिला चुकवून गेले तर अहवालात ती येणारच नाही.

खड्डे घेताना आपण किंवा घरचे कोणी हजर राहावे. प्रत्येक थर मोजून नोंदवला जातो, नमुने पिशवीत बंद करून त्यावर खोलीची चिठ्ठी लावली जाते. अहवालात खड्ड्यांच्या जागा, थरांची खोली, पाण्याची पातळी, सुचवलेली पायाची खोली आणि धारणक्षमता असली पाहिजे. यातले काही नसेल तर अहवाल स्वीकारू नये. तो प्रथम स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे द्यावा, कारण पायाचे नकाशे त्यावरून होतात, आणि एक प्रत आर्किटेक्टकडे बांधकाम परवानगीच्या कागदांसाठी द्यावी. पायाचे नकाशे आधी आणि परीक्षण नंतर, असा उलटा क्रम कृपया होऊ देऊ नये.

प्रत्यक्ष पाया खोदताना अहवालापेक्षा वेगळी माती निघाली, तर काँक्रीट टाकण्यापूर्वी काम थांबवून मला बोलवावे. मी येऊन खड्डा पाहीन.

आपला,
भू-तांत्रिक अभियंता