चार पिशव्या, चार टोमॅटो: आमच्या व्हिडिओची छापील प्रत

ग्रो बॅगच्या संचाबरोबर आम्ही गच्चीवरच्या भाजीचा व्हिडिओ देतो. त्यातली पाण्याची आकृती पडद्यावर जेमतेम दहा सेकंद दिसते, आणि मातीने भरलेल्या हातांनी फोन मागे-पुढे करता येत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. तक्रार रास्त आहे. म्हणून संपूर्ण निवेदन आणि ती आकृती इथे छापली आहे. कागद गच्चीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. उदाहरण एकच धरलंय: पुण्यातली गच्ची आणि ऑक्टोबरात लावलेली टोमॅटोची चार रोपं.

दृश्य १: पिशवी

*पडद्यावर: टेबलावर दोन पिशव्या. दोन्हींवर 12 × 12 लिहिलंय, पण एक दुसरीच्या पोटात सहज बसते.*

निवेदन: या दोन्ही पिशव्या बाजारात "बारा बाय बारा" म्हणूनच मिळतात. डावीकडची गोल शिवलेली आहे, तिचं तोंड खरोखर 12 इंच रुंद आहे. उजवीकडची नर्सरीची काळी पिशवी आहे. तिचं माप चपटी घडी करून घेतात. उघडून माती भरली की तिचा व्यास साडेसात इंचांच्या आसपास येतो आणि तळाच्या घडीत उंचीही जाते. वर पाण्यासाठी दोन इंच जागा सोडली, तर गोल पिशवीत 18 लिटर मिश्रण बसतं आणि चपटीत सहा-सात. टोमॅटो, वांगं, मिरची यांना दर रोपामागे 15 ते 20 लिटर लागतं. चपट्या पिशवीतही रोप जगतं, पण उन्हाळ्यात दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून पिशवी घेताना इंच विचारू नका, किती लिटर भरते ते विचारा. आमच्याकडे घेत असाल तरी विचारा.

घरात रंगाची 20 लिटरची रिकामी बादली असेल तर पिशवी विकत घ्यायची गरज नाही. पाण्यात मिसळायच्या रंगाचीच घ्या, ऑइलपेंटची नको. घासून धुवा आणि तळाच्या कडेने करंगळी जाईल एवढी सहा भोकं पाडा. भोकांवर नारळाच्या शेंड्या पसरल्या की पुरे. तळाला विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची जुनी सवय आहे, पण त्याने पाणी लवकर निघत नाही. मुळांची तीन इंच जागा मात्र जाते. मेथी-कोथिंबिरीला सहा इंच खोलीचा पसरट क्रेट चालतो. त्याबद्दल इथे एवढंच.

*पडद्यावर: चार पिशव्या कठड्याच्या कडेने, प्रत्येकीखाली दोन विटा.*

निवेदन: भिजल्यावर एक पिशवी साधारण 20 किलोची होते. नुसती माती भरली तर 30 च्या पुढे जाते. म्हणून पिशव्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंती आणि तुळईच्या रेषेवर ठेवा. खाली विटा दिल्या की भोकं मोकळी राहतात आणि स्लॅब सुकतो.

दृश्य २: मिश्रण

*पडद्यावर: घमेल्यांची चित्रं एकामागून एक येतात: माती 3, कोकोपीट 3, खत 2.*

निवेदन: आमच्या घमेल्यात 10 लिटर बसतं. तुमचं वेगळं असेल तर बादलीने मोजा, प्रमाण तेच ठेवा. चार पिशव्यांना आठ घमेली लागतात. हिशेब 80 लिटर होतो, पण बारीक खत पोकळीत शिरतं आणि मिश्रण 70 च्या आसपास भरतं. आपल्याला तेवढंच हवंय.

आधी कोकोपीट. पाच किलोचा अख्खा ब्लॉक भिजवू नका, फुगून साठ लिटर होतो आणि टबाबाहेर येतो. कोरडा असतानाच करवतीने अर्धा कापा, त्यावर बारा-तेरा लिटर पाणी हळूहळू ओता आणि अर्धा तास थांबा. तीन घमेली तयार होतील. ब्लॉकवर "धुतलेलं" किंवा "लो ईसी" लिहिलेलं नसेल तर भिजलेलं कोकोपीट गोणपाटात घालून दोन-तीनदा पाण्याखाली धरा. त्यातल्या खारामुळे कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात.

माती लाल किंवा पोयट्याची घ्या. काळी माती शेतात सोनं असेल, पिशवीत ती भिजली की चिखल होते आणि वाळली की भेगाळून कडेपासून सुटते. खत गांडूळखत असो वा शेणखत, पूर्ण कुजलेलं हवं. हाताला गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर महिनाभर थांबा. शेवटी चार पिशव्यांना मिळून 200 ग्रॅम निंबोळी पेंड.

*पडद्यावर: हाताचा क्लोजअप. मूठ वळते, उघडते, बोट टोचतं.*

निवेदन: ओलसर मिश्रणाची मूठ वळा. गोळा व्हायला हवा, आणि बोटाने टोचल्यावर फुटायला हवा. फुटला नाही तर माती जास्त झाली, अर्धं घमेलं कोकोपीट वाढवा. गोळाच होत नसेल तर एक तर पाणी कमी आहे, नाही तर मातीच कमी पडली.

दृश्य ३: पाणी

*पडद्यावर: ही आकृती.*

| काळ | 18 लिटरच्या पिशवीला, वाढलेल्या झाडासाठी |
|---|---|
| जून ते सप्टेंबर | बोट कोरडं निघालं तरच |
| ऑक्टोबर | सकाळी 1 लिटर. पाऊस असेल तर नाही |
| नोव्हेंबर ते जानेवारी | सकाळी 1 लिटर |
| फेब्रुवारी, मार्च | सकाळी दीड लिटर |
| एप्रिल, मे | सकाळी दीड, संध्याकाळी 1 लिटर |

निवेदन: आमच्या पहिल्या व्हिडिओत "रोज सकाळी 1 लिटर" एवढंच होतं. लोकांनी ते जुलैतही इमानाने पाळलं आणि मुळं कुजली. चूक आमची. म्हणून आता आकृतीच्या कोपऱ्यात बोटाचं चित्र आहे. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही, मग महिना कोणताही असो. कोवळ्या रोपाला वरच्या आकड्यांच्या निम्मं पुरतं.

*पडद्यावर: उभी कापलेली पिशवी. पाणी कडेने सरळ खाली उतरतंय, मधला गोळा फिकट तपकिरी.*

निवेदन: हे दृश्य नीट बघा, सगळ्यात जास्त फोन याच्यावरून येतात. चार दिवस गावाला गेलात आणि पिशवी पूर्ण वाळली, तर कोकोपीट आक्रसतं आणि पाणी शोषून घ्यायला तयार होत नाही. तुम्ही पाणी घालता, ते मिनिटभरात खालून वाहतं, तुम्हाला वाटतं पोट भरलं. झाड संध्याकाळी पुन्हा कोमेजलेलं! शंका आली तर पिशवी एका बाजूने उचलून पाहा, भिजलेली पिशवी अशी सहज हलत नाही. उपाय सोपा आहे. पिशवी अर्ध्या तासासाठी पाण्याने चतकोर भरलेल्या टबात ठेवा, किंवा अर्धा-अर्धा लिटर दहा-दहा मिनिटांनी चारदा घाला.

*पडद्यावर: हिरवा टोमॅटो उलटा धरलाय, बुडाला काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग.*

निवेदन: डिसेंबर-जानेवारीत पहिल्या घोसावर हा डाग दिसला की लोक फवारणीचं औषध मागायला येतात. ही कीड नाही, बुरशीही नाही. मिश्रण एकदा ठणठणीत कोरडं, एकदा चिंब असं होत राहिलं की पाण्याबरोबर वर जाणारं कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. मातीत चुना असूनही हे होतं, म्हणून अंड्याची टरफलं टाकून लगेच गुण येत नाही. डागाळलेली फळं काढा, वर पालापाचोळ्याचा दोन इंच थर द्या आणि पाण्याची वेळ पंधरा दिवस चुकवू नका. त्याच झाडाचा पुढचा घोस बहुतेक वेळा स्वच्छ येतो. तसा आला नाही तर डागाळलेलं फळ दुकानात घेऊन या, फोटोवरून आम्हालाही नीट कळत नाही.