Eco 50° आणि 16 °dH: डिशवॉशरवरच्या दोन वेगळ्या डिग्र्या

म्युनिकहून धाकट्या बहिणीने व्हिडिओ कॉल केला, तेव्हा तिच्या हातात काचेचा पेला होता. धुऊन निघालेला, तरी ताकाने विसळल्यासारखा पांढुरका. "ताई, सत्तर डिग्रीवर लावलं तरी हे असंच. उलट आधीपेक्षा जास्तच दिसतंय," ती म्हणाली. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर आयतं मिळालं होतं, त्यातच हा डिशवॉशर होता. माहितीपुस्तक जर्मनमध्ये, पॅनेलवरची अक्षरंही जर्मन. मी तिला पॅनेलचा फोटो पाठवायला सांगितला.

फोटोत एका ओळीत होतं: Intensiv 70°, Auto 45-65°, Eco 50°, Glas 40°, Vorspülen. यातले शब्द परके असले तरी फार अवघड नाहीत. Vorspülen म्हणजे आधीची नुसती विसळणी, Glas म्हणजे नाजूक काचेसाठी, आणि पुढचा आकडा म्हणजे पाणी किती अंश सेल्सियसपर्यंत तापेल ते. शेजारी दोन लहान दिवे होते. एक Klarspüler चा, म्हणजे शेवटच्या पाण्यात मिसळून भांड्यांवर थेंब न राहू देणाऱ्या द्रवाचा. दुसरा Salz चा, म्हणजे मिठाचा. दोन्ही बंद होते. बहिणीने त्याचा अर्थ "सगळं ठीक आहे" असा घेतला होता, आणि कोणीही तोच घेतला असता.

तिने आधी Eco 50° वापरला होता. पेले पांढुरके निघाल्यावर तिला वाटलं, पन्नास अंश कमी पडत असतील, म्हणून ती Intensiv 70° वर गेली. Eco ला तीन तासांहून जास्त लागतात आणि पाणी तर कोमटाच्या जरा पुढे, त्यामुळे तो प्रोग्रॅम कच्चा असावा असं अनेकांना वाटतं. पण धुण्याचं काम एकट्या उष्णतेचं नसतं. हेंकेल कंपनीतले जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी 1959 साली ते चार वाट्यांत मांडलं: उष्णता, वेळ, रसायन आणि पाण्याच्या माऱ्याचा जोर. एक वाटा कमी केला तर दुसरा वाढवून भरपाई करता येते. Eco मध्ये उष्णता कमी करून वेळ वाढवलेला असतो. या वेळात डिटर्जंटमधली विकरं डाळीचं पीठ आणि अंड्याची प्रथिनं सावकाश तोडतात. चार लिटर पाणी 15 अंशांवरून 70 पर्यंत न्यायला साधारण पाव युनिट वीज लागते. 50 पर्यंतच न्यायचं असेल तर त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. प्रोग्रॅम लांबतो तो यासाठी, आणि विजेची बचतही यातूनच होते.

म्हणजे Eco मध्ये दोष नव्हता. पेल्यावर जे होतं ते खरकटंच नव्हतं. मी तिला एक पेला बाजूला घेऊन त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकायला सांगितले. मिनिटभराने बोटाने चोळलं, तर तेवढीच जागा लख्ख झाली. तो चुना होता, आपल्या गीझरच्या कॉइलवर चढतो तोच.

हा चुना सत्तर अंशांवर वाढतो कसा, हे नीट पाहण्यासारखं आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून उष्णतेने सगळंच विरघळतं अशी आपली समजूत असते. चुनखडीचं उलट आहे. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो, आणि त्याच्या जोरावर चुनखडी कॅल्शियम बायकार्बोनेट बनून विरघळते. पाणी तापवलं की हा वायू निघून जातो आणि चुनखडी पुन्हा घनरूपात बाहेर पडते:

```
Ca(HCO3)2 → CaCO3 + H2O + CO2
```

म्हणजे पाणी जितकं गरम, तितका थर जास्त. त्यातून शेवटच्या विसळणीचं पाणी तर भांड्यावरच सुकतं आणि त्यातलं जे काही असेल ते काचेवर ठेवून जातं. बहीण तापमान वाढवून चुना जास्तच बसवत होती.

आता प्रश्न उरला तो असा, की हे थांबवण्याची सोय यंत्रात असतेच, मग ती चालत का नव्हती? माहितीपुस्तकात Wasserhärte हा शब्द शोधायला मी तिला सांगितलं. 'वासर' म्हणजे पाणी, 'हेर्टे' म्हणजे कठीणपणा. शाळेत आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणतो आणि घरात जड पाणी म्हणतो, तेच. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, ते पाणी. त्या पानावर एक तक्ता होता आणि त्याच्या डोक्यावर °dH असं लिहिलं होतं.

पॅनेलवरच्या 50° मधलं आणि या °dH मधलं चिन्ह एकच आहे, पण °dH चा तापमानाशी काडीचाही संबंध नाही. ते जर्मन काठिण्य-अंशाचं एकक आहे. 1 °dH म्हणजे लिटरभर पाण्यात 10 मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइडइतका कठीणपणा. आपल्याकडच्या पाणी-तपासणीच्या अहवालात तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने देतात, त्या मापात हाच अंश 17.8 मिलिग्रॅम होतो. तक्त्यात या अंशांचे गट पाडून प्रत्येकासमोर यंत्रात भरायचा आकडा दिलेला होता. बऱ्याच जर्मन यंत्रांत तो असा असतो: 0 ते 6 °dH ला H:00, 13 ते 16 ला H:04, 17 ते 21 ला H:05, आणि शेवटी 31 च्या पुढे H:07. पडद्यावर असं काही उमटलं की लोकांना तो बिघाडाचा संकेत वाटतो. पण तो बिघाड नाही, आपणच यंत्राला सांगायची गोष्ट आहे.

बहिणीच्या यंत्रात H:00 होतं.

"हे कुणी ठेवलं?" मी विचारलं. बहिणीचे यजमान मागून पुढे आले. घरात आल्यावर त्यांनी पाणीपुरवठ्याची माहिती काढून आकडा भरला होता, आणि आकडा वाचलाही बरोबर होता: 2,86. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, हेही त्यांना ठाऊक होतं. 2.86 हे 0 ते 6 च्या गटात बसतं, म्हणून H:00. फक्त त्या आकड्यापुढचं mmol/l त्यांच्या नजरेतून सुटलं. जर्मनीत कठीणपणा दोन एककांत सांगतात. मिलिमोलवरून जर्मन अंशांवर यायला 5.6 ने गुणावं लागतं. 2.86 गुणिले 5.6 म्हणजे 16. आकड्याशेजारी hart, म्हणजे 'कठीण', असा शेराही होता. 2.5 मिलिमोलच्या वर गेलेल्या पाण्याला जर्मन कायद्यात हीच श्रेणी आहे. आकडा लहान आणि शेरा कठीण, ही विसंगती दिसली की एकक तपासायचं.

16 अंश म्हणजे लिटरला सुमारे 285 मिलिग्रॅम. एका धुण्याला दहा लिटर पाणी धरलं तर जवळजवळ तीन ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचा ऐवज यंत्रातून फिरतो. सगळा थरात बसत नाही, बराचसा गटारात जातो. पण रोज एक फेरी, असे दोन महिने गेले तर पेले पांढुरके व्हायला तेवढं पुरतं.

यंत्राच्या तळाशी राळेच्या बारीक मण्यांची एक कुपी असते. मण्यांना सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. सोडियमचे क्षार तापवल्यावर असा चुना टाकत नाहीत. काही फेऱ्यांनी मणी कॅल्शियमने भरतात. मग यंत्र त्यांच्यावरून मिठाचं दाट पाणी सोडतं, कॅल्शियम निघून जातं आणि मणी पुन्हा कामाला लागतात. Salz चा डबा यासाठी असतो. मीठ भांड्यांपर्यंत पोचतच नाही. बहुतेक यंत्रांना पाण्याचा कठीणपणा कळत नाही. किती पाणी गेलं ते मोजायचं आणि तुम्ही सांगितलेल्या H वरून मणी कधी धुवायचे ते ठरवायचं, एवढंच त्यांना येतं. H:00 म्हणजे "पाणी मऊ आहे, मणी धुऊ नकोस". म्हणून मिठाचा दिवाही लागत नव्हता. डबा कोरडा होता, पण यंत्राच्या लेखी मिठाची गरजच नव्हती.

आम्ही H:04 लावलं. डब्यात पहिल्यांदाच मीठ भरायचं असल्याने आधी त्यात लिटरभर पाणी ओतायचं होतं. मग डिशवॉशरचं जाडं मीठ, डबा भरेपर्यंत. घरातलं बारीक मीठ चालत नाही. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात आणि बारीक दाणे एकमेकांत घट्ट बसतात. भरताना थोडं खारं पाणी बाहेर सांडतंच, म्हणून लगेच एक प्रोग्रॅम चालवायचा. ते तसंच राहिलं तर स्टीलला गंजाचे ठिपके पडतात.

"मग सरळ H:07 च लावू का, म्हणजे काळजी नको?" तिने विचारलं. नको. मीठ आणि पाणी वाया जातं, शिवाय अगदी मऊ पाणी गरम अल्कधर्मी डिटर्जंटबरोबर काचेलाच हळूहळू झिजवतं. तो धूसरपणाही पांढुरकाच दिसतो. फरक इतकाच, की तो व्हिनेगरने जात नाही, आणि एकदा आला की कशानेच जात नाही. दोन थेंबांची चाचणी त्यासाठी आधी करायची. (कुकरचं अॅल्युमिनियमचं झाकण काळं पडलं होतं तेही तिने दाखवलं. ते डिटर्जंटमधल्या अल्कामुळे, मिठाने त्यात फरक पडणार नाही. ते हातानेच घासायचं.)

असे डिशवॉशर आता पुण्या-मुंबईतही आहेत, आणि पडद्यावर H तोच येतो. आपल्या अहवालात कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला 17.8 ने भागायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे 11 पासून थेट 34 अंशांपर्यंत, तक्त्याच्या शेवटच्या गटापर्यंत. आपल्याकडची खरी अडचण मात्र तक्त्यात मावत नाही. ज्या सोसायटीत पावसाळ्यात धरणाचं पाणी आणि एप्रिल-मेमध्ये बोअरचं किंवा टँकरचं, तिथे त्याच नळातून वर्षातून दोन वेगळी पाणी येतात, आणि यंत्राला ते कळत नाही. अशा घरी बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी, टँकर सुरू झाला की H त्या आकड्यावर न्यावा आणि पाऊस स्थिरावला की खाली आणावा.