करारनाम्याची कुरियरने आलेली प्रत सही करून 15 ऑक्टोबरपर्यंत परत पाठवण्याबाबत

आमच्या दारव्हा–यवतमाळ रस्त्यावरील गाळे व गोदामे भाड्याने घेणाऱ्या सर्व व्यापारी बांधवांस हे माहितीपत्रक पाकिटासोबत पाठवत आहोत, कारण दरवर्षी सप्टेंबरअखेरीस करारनामे रवाना झाले की तेच दोन प्रश्न फोनवर विचारले जातात: सही नेमकी कुठे करायची, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर चालेल का?

फोटो चालत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात मूळ दस्तच सादर करावा लागतो आणि तेथे उभय पक्षांनी हजर राहून सही आपलीच असल्याची कबुली द्यावी लागते. सध्याचे करार 31 ऑक्टोबरला संपतात. प्रत 15 तारखेपर्यंत आमच्या हाती आली, तर पाने तपासून, संगणकावर माहिती भरून आणि वेळ घेऊन दिवाळीच्या गर्दीआधी नोंदणी उरकता येते. सोयाबीनच्या आवकेत आणि कापसाच्या पहिल्या वेच्याच्या धांदलीत आपल्याला फुरसत नसते हे आम्ही जाणतो. म्हणूनच पाकीट इतक्या आधी पाठवतो.

प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने फुली केलेली आहे, तेथे सही करावी. शेवटच्या पानावर पूर्ण सही, सही केल्याची तारीख आणि आपल्या बाजूच्या एका साक्षीदाराची सही व पत्ता हवा. दुसरा साक्षीदार आम्ही देतो. तारीख त्याच दिवसाची लिहावी. काही जण करार सुरू होतो म्हणून 1 नोव्हेंबर लिहून मोकळे होतात. असे करू नये, कारण दस्त नोंदणीसाठी सादर करण्याची चार महिन्यांची मुदत सही झालेल्या दिवसापासून मोजली जाते.

खरा वेळ जातो तो मजकुरातील दुरुस्तीमुळे. मागे एका कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या भाडेकरूंच्या करारात अनामत रक्कम 20,000 रुपये छापली होती. प्रत्यक्षात बोलणे 25,000 चे झाले होते. त्यांनी प्रामाणिकपणे आकड्यावर पांढरी शाई लावली, वर निळ्या पेनाने 25,000 लिहिले आणि पुढच्या ओळीतील अक्षरी ‘वीस हजार’ तसेच राहू दिले. नोंदणी कायद्याच्या कलम 20 नुसार खाडाखोड किंवा ओळींमध्ये घुसवलेला मजकूर करार करणाऱ्यांच्या सहीने किंवा लघुसहीने प्रमाणित नसेल, तर नोंदणी अधिकारी दस्त स्वीकारण्यास नकार देऊ शकतो. येथे लघुसही नव्हती, मूळ आकडा वाचता येत नव्हता आणि अंक व अक्षर एकमेकांशी जुळत नव्हते. दस्त परत आला, पाने पुन्हा छापावी लागली, पाकीट पुन्हा गावाकडे गेले आणि खत विक्रीच्या परवान्यासाठी त्यांना हवा असलेला नोंदणीकृत करार त्यांच्या हाती उशिराच पडला.

तेव्हा चूक दिसल्यास पेन उचलू नये, आधी आम्हाला फोन करावा. नावातील काना-मात्रेसारखी किरकोळ चूक असेल, तर जुना शब्द वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून वर नवा शब्द लिहावा आणि समासात लघुसही करावी. आमची लघुसही आम्ही त्याशेजारी करू. भाडे, अनामत, मुदत किंवा गाळा क्रमांक चुकला असेल, तर ते पान आम्ही नव्याने छापून आमच्या खर्चाने पाठवतो.

‘अकरा महिन्यांचा तर करार, त्याला नोंदणी कशाला?’ असेही विचारले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि ती जबाबदारी जागामालकावर आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे आमचा आग्रह काही अंशी आमच्याच बचावासाठी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा किंवा विक्री परवान्यावरील जागेचा पत्ता बदलणे अशा कामांत हाच कागद आपल्याला उपयोगी पडतो.

परतीचे पत्ता लिहिलेले पाकीट सोबत जोडले आहे. काही कुरियरवाले खेड्यापर्यंत येत नाहीत, अशा ठिकाणाहून स्पीड पोस्टाने पाठवावे व पावती जपून ठेवावी. बाजाराच्या दिवशी दारव्ह्यास येणे होत असेल, तर कार्यालयातच सही करता येईल. साक्षीदार मात्र सोबत आणावा. रस्त्यालगतचे नवे शेड याच हंगामात तयार होत आहे, तेव्हा वाढीव जागा हवी असल्यास त्याच पाकिटात एका चिठ्ठीवर तसे कळवावे, म्हणजे दोन्ही करारांची नोंदणी एकाच फेरीत करता येईल.