एक चाक घसरले की ओपन डिफरन्शियल काय करते आणि लिमिटेड-स्लिप काय करते

मागच्या चाकांवर चालणारी पिकअप किंवा जीप वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे येणाऱ्या पिकअपमालकांची एक तक्रार ठरलेली असते. इंजिनात ताकद आहे, टायर चांगले आहेत, तरीही शेताच्या वाटेवर एक मागचे चाक चिखलात गरगर फिरत राहते आणि कोरड्या मुरुमावर उभे असलेले दुसरे चाक जागचे हलत नाही. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवले तर हा त्रास जाईल का, असे बहुतेक जण विचारतात. बऱ्याच ठिकाणी तो जातो, काही ठिकाणी जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हे कशामुळे होते, ते खर्च करण्यापूर्वी आपल्याला कळावे यासाठी हे पत्रक काढले आहे.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली तर वळणावर टायर घासतील आणि एक्सलवर ताण येईल, म्हणून मध्ये डिफरन्शियल घातलेले असते. क्राऊनला जोडलेल्या केजमध्ये एक पिन असते, पिनेवर छोटे स्पायडर गिअर असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना, एक्सल शाफ्टच्या टोकांवर, साइड गिअर असतात. प्रत्येक स्पायडर गिअर तराजूच्या दांडीसारखा काम करतो: पिन त्याला मधोमध ढकलते आणि तो डाव्या व उजव्या साइड गिअरला सारखाच जोर देतो. साध्या, म्हणजे ओपन, डिफरन्शियलचा सगळा स्वभाव यातच आला. दोन चाकांचा वेग कितीही वेगळा असू शकतो, पण त्यांना मिळणारा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मात्र जवळजवळ समानच राहतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते" असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात घसरणाऱ्या चाकाकडे जातो तो सगळा वेग. टॉर्क त्यालाही थोडाच मिळतो, कारण चिखल त्याला विरोधच करत नाही, आणि जिथे विरोध नाही तिथे जोर उत्पन्न होत नाही. अडचण अशी, की कमकुवत बाजूला जेवढा टॉर्क घेता येतो, तेवढाच मजबूत बाजूलाही मिळतो. अशा वेळी गाडी जागेवर उभी असताना स्पीडोमीटर ताशी 40 किलोमीटर दाखवत असेल, तर एक चाक थांबलेले असल्यामुळे दुसरे त्याच्या दुप्पट, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. एवढ्या वेगाने पिनेवर फिरण्यासाठी स्पायडर गिअर घडवलेलेच नसतात. तेल पुरेसे न पोहोचल्याने ते पिनेवर जळून बसतात. फिरते चाक अचानक दगडाला लागले, तर बसलेल्या धक्क्याने एक्सल शाफ्टही तुटू शकतो. चाक जागेवर फिरू लागले की एक्सलेटर सोडावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

आता एक हिशेब पाहू. समजण्यास सोपे जावे म्हणून जोर किलोमध्ये मोजला आहे. मालासह गाडीचे वजन 1,600 किलो आहे, त्यापैकी 800 किलो मागच्या एक्सलवर, म्हणजे प्रत्येक मागच्या चाकावर 400 किलो आहे. दहास एक असा चढ आहे. चढासाठी सुमारे 160 किलो आणि कच्च्या वाटेच्या घर्षणासाठी सुमारे 40 किलो, असा एकूण 200 किलोचा रेटा हवा. उजवे चाक कोरड्या मुरुमावर आहे. तेथे वजनाच्या साधारण 60 टक्के पकड मिळते असे धरू, म्हणजे ते 240 किलोपर्यंत रेटा देऊ शकते. डावे चाक ओल्या लाल मातीवर आहे. तेथे 15 टक्केच पकड आहे, म्हणजे 60 किलो. ओपन डिफरन्शियल असल्यास डावे चाक 60 किलोला घसरते आणि उजव्यालाही 60 किलोच मिळतात. एकूण रेटा 120 किलो झाला. उजव्या चाकाखाली 240 किलोची पकड असूनही तिच्यातील 180 किलो वापराविना राहतात आणि गाडी चढत नाही.

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचे अनेक प्रकार आहेत. पिकअप आणि जीपच्या मागच्या एक्सलमध्ये सहसा जो आढळतो, त्यात साइड गिअरच्या मागे पातळ क्लच प्लेटांचा थर असतो. एकाआड एक प्लेट साइड गिअरला आणि केजला अडकवलेली असते. स्प्रिंग त्यांना कायम थोडे दाबून ठेवतात. शिवाय इंजिनाचा जोर आला की गिअरचे दाते एकमेकांना बाजूला रेटतात आणि हा रेटा प्लेटांना आणखी दाबतो. एक चाक दुसऱ्यापेक्षा वेगाने फिरू लागले की या प्लेटा एकमेकींवर घासतात, वेगातील फरकाला विरोध करतात आणि वेगाने फिरणाऱ्या बाजूचा टॉर्क सावकाश फिरणाऱ्या बाजूकडे वळवतात. मजबूत बाजूला कमकुवत बाजूच्या किती पट टॉर्क मिळू शकतो, हे प्रमाण प्रत्येक रचनेत ठरलेले असते. आपल्या उदाहरणात ते अडीच पट धरू. डावे चाक 60 किलोला घसरते, उजव्याला त्याच्या अडीच पट, म्हणजे 150 किलो मिळतात, आणि एकूण 210 किलो होतात. गाडी चढते, पण जेमतेम. चढ थोडा अधिक असता तर लिमिटेड-स्लिप असूनही ती अडकली असती.

या हिशेबातील "पट" हा शब्द कृपया लक्षात घ्यावा, कारण लिमिटेड-स्लिपची मर्यादा त्यातच आहे. चाक चिखलात असेल तर त्याला थोडी तरी पकड असते आणि अडीच पटीचा फायदा मिळतो. पण खड्ड्यामुळे किंवा बांधावर चढल्यामुळे डावे चाक हवेत लटकले, तर त्याची पकड शून्य होते, आणि शून्याची अडीच पटही शून्यच. तेथे फक्त स्प्रिंगच्या दाबामुळे मिळणारा टॉर्क उरतो. तो 70 न्यूटन-मीटर असला आणि टायरची त्रिज्या 35 सेंटिमीटर असली, तर तो जमिनीवर जेमतेम 20 किलोचा रेटा देतो. उजव्या चाकाखाली पकड कितीही असली तरी त्याहून जास्त मिळत नाही. सपाट कच्च्या वाटेवर गाडी हलवायलाही 40 किलो हवेत. प्लेटा झिजल्या की हे 20 किलोही कमी होत जातात.

अशा वेळी जाणते चालक हँडब्रेक थोडा ओढून एक्सलेटर हळूहळू देतात. ही युक्ती खरी आहे, मात्र ती लिमिटेड-स्लिपलाच लागू पडते, आणि हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमवर लागत असेल तरच. ब्रेकमुळे हवेतल्या चाकाला 60 किलोचा विरोध निर्माण झाला असे समजा. उजव्या बाजूला अडीच पट, म्हणजे 150 किलो जातात. तिचा स्वतःचा ब्रेक त्यातले 60 खातो आणि 90 किलो शिल्लक राहतात, ज्यावर सपाट जागेतून गाडी सहज निघते. ओपन डिफरन्शियलमध्ये मात्र उजवीकडे 60 जातात आणि उजवा ब्रेक ते 60 खाऊन टाकतो. हाती काहीच उरत नाही. ओपन डिफरन्शियलला उपयोग होतो तो फक्त घसरणाऱ्याच चाकाला ब्रेक लावण्याचा. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असल्याने शेतकरी बांधवांना हे अनुभवाने माहीत असते, आणि नव्या गाड्यांतील ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम सेन्सरच्या मदतीने करते.

ज्यांच्या वाटेवर चाक वारंवार हवेत लटकते, त्यांना आम्ही लिमिटेड-स्लिपऐवजी डिफरन्शियल लॉकचा विचार करण्यास सांगतो. ट्रॅक्टरच्या डिफ लॉकच्या पेडलप्रमाणे लॉक दोन्ही चाके एकत्र बांधतो, त्यामुळे 240 किलोची पकड असेल तर ती सगळी वापरता येते. महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत मागे येणारे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल याच वर्गातले आहे. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की ते आपोआप लॉक होते. ते लिमिटेड-स्लिप नव्हे, हे सुटे भाग मागवताना ध्यानात ठेवावे.

लिमिटेड-स्लिपचा एक तोटाही स्पष्ट सांगायला हवा. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरू लागले तरी दुसरे बहुधा जमीन धरून असते आणि गाडीची शेपूट बाजूला सरकू देत नाही. लिमिटेड-स्लिपमध्ये दोन्ही बाजूंना निसरडे असेल तर दोन्ही चाके एकदम सुटतात, आणि रस्ता एका अंगाला उतरता असेल तर गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला घसरतो. घाटात, ओल्या साइडपट्टीवर, रिकामी पिकअप चालवताना एक्सलेटर एकदम दाबू नये.

एक सूचना जिवाशी संबंधित आहे. ओपन डिफरन्शियल असलेल्या गाडीचे एक चाक जॅकवर उचलून, इंजिन सुरू करून, गिअर टाकून चाक फिरवून पाहण्याची सवय अनेकांना असते. लिमिटेड-स्लिप असलेल्या गाडीत हे कधीही करू नये. जमिनीवरच्या चाकालाही टॉर्क मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी घेते.

लिमिटेड-स्लिप अजून काम करते का, हे आम्ही इंजिन बंद ठेवून तपासतो. पुढच्या चाकांना ओट लावतो, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवतो, हँडब्रेक सोडतो, एक मागचे चाक उचलतो आणि हबवर टॉर्क रेंच लावून, चाक फिरू लागण्याच्या क्षणी किती जोर लागला ते वाचतो. हा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील किमान आकड्याहून कमी आला तर प्लेटा किंवा स्प्रिंग संपल्या असे समजावे. हाताच्या साध्या जोराने चाक सहज फिरले, तर आपली गाडी नावापुरतीच लिमिटेड-स्लिप उरली आहे.

प्लेटा लवकर झिजण्याची दोन कारणे आम्हाला वरचेवर दिसतात. पहिले कारण मागचे दोन टायर सारखे नसणे, म्हणजे एक नवा आणि एक झिजलेला असणे: सरळ रस्त्यावरही दोन चाकांचा वेग वेगळा राहतो आणि प्लेटा विश्रांतीशिवाय घासत राहतात. दुसरे कारण तेल. क्लच प्लेटांच्या लिमिटेड-स्लिपला गिअर ऑइलसोबत घर्षण नियंत्रित करणारे खास अ‍ॅडिटिव्ह लागते, किंवा ते आधीच मिसळलेले तेल लागते. नुसते साधे ऑइल भरले तर प्लेटा चिकटत-सुटत घासतात आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढताना मागून थरथर व कडकड आवाज येतो. अ‍ॅडिटिव्ह प्रमाणापेक्षा जास्त पडले तर आवाज बंद होतो, पण प्लेटांची पकडही कमी होते, म्हणून आवाज थांबेपर्यंत ओतत राहणे योग्य नाही. तेल बदलल्यानंतर मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या काही फेऱ्या माराव्यात, म्हणजे नवे तेल प्लेटांच्या मध्ये पोहोचते. त्यानंतरही आवाज राहिला तर गाडी आमच्याकडे आणावी, आणि मागच्या वेळी कोणते तेल भरले होते त्याचे बिल किंवा डबा सोबत ठेवावा.