स्टायपेंड नाही म्हणजे काम आपलं?

"इंटर्नशिपचे पैसेच घेतले नाहीत, मग डिझाईन्स माझीच ना?"

पैशावर नाही ठरत हो हे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ म्हणतं की नोकरीत किंवा अप्रेंटिसशिपमध्ये केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. आता बिनपगारी इंटर्न त्यात बसतो का यावर वाद घालता येतो, म्हणूनच तर कंपन्या लेटरमध्ये असाइनमेंटचा, म्हणजे हक्क सोपवण्याचा, क्लॉज टाकतात आणि सही केली की हक्क त्यांच्याकडे.

समजा वडोदऱ्यात अलकापुरीतल्या स्टुडिओत तुम्ही फरसाणवाल्याचं पाकीट डिझाईन केलं अन् हक्क फक्त त्या क्लॉजने गेले, त्यात मुदत नाही की प्रदेश नाही, तर कलम १९ प्रमाणे ते ५ वर्षांसाठी आणि भारतापुरतेच गेले. पण 'कायमचे, जगभर' लिहिलेलं असेल तर ही सूट संपली, तेव्हा ती ओळ आधी शोधा. पोर्टफोलिओत टाकायचंय? गोपनीयतेचा क्लॉज आड येतो, सहीआधीच मेलवर परवानगी मागून घ्या.